राजा मेला कुठे?

बुद्धिबळाच्या इतिहासावरचा कुठलाही व्हिडिओ उघडा, दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला एक ठरलेलं वाक्य येतंच: ‘चेकमेट हा शब्द फारसी शाह मातवरून आला, म्हणजे राजा मेला.’ वाक्य सुटसुटीत आहे आणि ऐकायला भारी वाटतं. पण पटावर जे घडतं त्याच्याशी त्याचा मेळ बसत नाही. बुद्धिबळात प्यादी मरतात, घोडे-उंट मरतात, वजीरसुद्धा मरतो. राजा तेवढा मरत नाही. त्याला मारणं नियमातच बसत नाही. डाव संपतो तेव्हा राजा आपल्या घरात धडधाकट उभा असतो आणि त्याच्याकडे करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

खेळ इतका काटेकोर आणि त्याचा सर्वात प्रसिद्ध शब्द इतका ढिला, असं कसं होईल? ढिला शब्द नाहीच, ढिलं त्याचं स्पष्टीकरण आहे.

‘राजा मेला’ हा अर्थ निघतो तो अरबीतून. अरबीत ‘माता’ म्हणजे ‘तो मेला’. अरबांनी 7व्या शतकात इराण जिंकला आणि हा खेळ तिथून उचलला. उचलताना त्यातले बरेच शब्दही फारसीच ठेवले: शाह, रुख, फर्झीन. त्यामुळे अरबी कानाला ‘शाह मात’ ऐकू आलं की आपल्याच भाषेतला मेलेला राजा दिसणार, यात नवल नाही. तिथून शब्द युरोपात गेला आणि सोबत हा अर्थही गेला. आजही बरेच युरोपीय कोश तोच देतात.

पण खुद्द फारसीत ‘मात’ हा वेगळा शब्द आहे. त्याचा अर्थ निरुपाय झालेला, गोंधळून थिजलेला, काय करावं ते न सुचणारा. काही अभ्यासक तो ‘मांदन’, म्हणजे ‘राहणं, उरणं’ या क्रियापदाशी जोडतात. आजच्या इराणी बोलण्यातही तो जिवंत आहे. एखादी गोष्ट पाहून माणूस अवाक झाला की तो ‘मातम बोर्द’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘मला मात घेऊन गेली’. (शोकाच्या मातमचा याच्याशी संबंध नाही, तो दुसरा शब्द.) ‘मात ओ मबहूत’ ही जोडी आपल्या ‘थक्क’च्या जागी येते. यात कुणी मरत नाही. माणूस जागच्या जागी उभा असतो आणि त्याची यंत्रणा बंद पडलेली असते.

जर्मन भाषेने हा शब्द घेतल्यावर त्याचं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. तिथे ‘शाखमाट’ हा बुद्धिबळातला शब्द आहेच, पण नुसता ‘माट’ रोजच्या भाषेत उतरला आणि त्याचा अर्थ झाला गळून गेलेला, अशक्त, निस्तेज. आजारातून उठलेला जर्मन माणूस स्वतःला ‘माट’ म्हणवतो. चकाकी नसलेल्या काचेलाही तेच विशेषण लागतं. कोशात मूळ ‘मेला’ दिलं असलं, तरी वापरणाऱ्यांच्या तोंडी निस्तेज राजाच राहिला.

मराठीनेही तेच केलं, आणि आपल्याकडे तर शब्द युरोपला वळसा न घालता थेट फारसीतून आला. ‘आजारावर मात केली’, ‘परिस्थितीवर मात केली’ असं आपण म्हणतो, तेव्हा परिस्थितीला ठार मारल्याचं कुणाच्याही मनात नसतं. तिचा जोर संपवला, तिला निरुपाय केलं, इतकंच म्हणायचं असतं. म्हणजे यूट्यूबवर ‘राजा मेला’ सांगणारा मराठी निवेदक घरी आईशी बोलताना मूळ फारसी अर्थच वापरत असतो. पहिल्या वाक्यातल्या पांडित्यापेक्षा त्याची बोली जास्त अचूक आहे.

या शब्दामागचं चित्र सर्वात नीट रंगवलं आहे ते फिर्दौसीने. त्याचं ‘शाहनामा’ 1010च्या सुमारास पूर्ण झालं. त्यात बुद्धिबळाच्या जन्माची एक कथा आहे आणि ती घडते हिंदुस्थानात. गव आणि तलहंद हे एकाच आईचे दोन मुलगे, वडील वेगवेगळे. दोघांचेही वडील राजे होते, त्यामुळे दोघांनाही गादी हवी. समजावणं, वाटाघाटी सगळं होतं आणि शेवटी लढाई होते. गवने आपल्या सैन्याला सांगून ठेवलेलं असतं की तलहंदला हात लावायचा नाही. लढाईत तलहंदचं सैन्य मोडतं. तो हत्तीवर बसलेला असतो. चारही बाजूंना पाहतो तर कुठे वाट नाही, आपलं माणूस नाही. आणि तिथेच, हत्तीच्या पाठीवर, त्याचा प्राण जातो. अंगावर एकही जखम नसते.

आईला हे पटत नाही. एका मुलाने दुसऱ्याला मारलं, असंच तिला वाटतं. मग गव शहाण्या लोकांना बोलावतो आणि ते एक पट तयार करतात. त्यावर दोन सैन्यं मांडतात आणि तिला दाखवतात की राजाला कुणी न मारतासुद्धा त्याच्या वाटा एकेक करून कशा बंद होतात. (फिर्दौसीच्या या पटावर शंभर घरं आहेत आणि उंटही आहेत.) आई पुढचं आयुष्य त्या पटाकडे पाहत घालवते.

मला ही कथा बुद्धिबळाच्या जन्माचा इतिहास म्हणून खरी वाटत नाही, तशी ती वाचायचीही नाही. पण समीक्षा म्हणून ती फार तल्लख आहे. एका शब्दाचा नेमका अर्थ काय, यावर इथे एका माणसाचा खुनाचा आरोप टिकतो किंवा गळून पडतो. ‘मात’ म्हणजे ‘मारला’ असेल तर गव भाऊहत्या करणारा. ‘मात’ म्हणजे ‘वाटा संपल्या’ असेल तर तो... निर्दोष? फिर्दौसी तेवढं सोपं करत नाही. सैन्य तर गवनेच आणलं होतं. वाटा बंद करणाऱ्याची जबाबदारी किती, हा प्रश्न आईच्या डोळ्यांसमोर पटावर तसाच राहतो. तलहंद शेवटी मरतो हे खरं, पण तो मरतो मात झाल्यानंतर. व्हिडिओतलं वाक्य या दोन पायऱ्यांची एकच पायरी करून टाकतं.

आता ‘शह’. हा तर नुसता संबोधनाचा शब्द आहे: ‘शाह!’ राजा, सांभाळ. जुन्या खेळात राजावर हल्ला झाला की तसं मोठ्याने बजावण्याची रीत होती. म्हणजे राजाला बेसावध गाठायचं नाही, त्याला कळवून गाठायचं. फारसी ‘शाह’ अरबीतून लॅटिनमध्ये आणि तिथून जुन्या फ्रेंचमध्ये गेला, त्याचा इंग्रजी ‘चेक’ झाला. शर्टावरचे चेक्स, बँकेचा चेक, सगळी त्याचीच पोरंबाळं. त्यात फार शिरत नाही. मुद्दा इतकाच की फारसीतून आलेले हे दोन्ही शब्द राजाकडे पाहतात. एक त्याला हाक मारतो, दुसरा त्याची अवस्था सांगतो. पटासमोर बसलेल्या खेळाडूबद्दल दोन्ही गप्प आहेत.

तो खेळाडू शब्दात आला जर्मनमध्ये.

‘झुगझ्वांग’ हा शब्द आपण इंग्रजी समालोचकांच्या तोंडून असा ऐकतो. जर्मन माणूस ‘त्सूकत्स्वांग’च्या जवळपास काहीतरी म्हणतो. तुकडे दोन. ‘त्स्वांग’ म्हणजे सक्ती. ‘त्सूक’ मात्र मजेदार आहे. तो ‘ओढणं’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला आणि त्या एका ओढीतून काय काय निघालं! आगगाडी म्हणजे त्सूक, कारण इंजिन डबे ओढतं. सिगारेटचा झुरका त्सूक, पेयाचा घोट त्सूक, दाराच्या फटीतून येणारी वाऱ्याची झुळूक त्सूक, चेहऱ्याची ठेवण त्सूक, पक्ष्यांचं स्थलांतर त्सूक. आणि पटावरची खेळीही त्सूकच. जर्मन खेळाडू मोहरा ओढतो. मराठीत मोहरा चालतो, म्हणून ‘चाल’. आपल्या ‘चाल’चाही पसारा लहान नाही: माणसाची चाल, गाण्याची चाल, शत्रूची चाल. फरक एवढा की चालणारा स्वतः चालतो आणि ओढला जाणारा दुसऱ्याच्या हाताने हलतो. जर्मन शब्दात मोहऱ्यामागचा हात दिसतो.

म्हणून झुगझ्वांग म्हणजे ‘ओढण्याची सक्ती’, आपल्या शब्दांत ‘चाल करण्याची सक्ती’. तुमच्यावर हल्ला नाही, राजाला शह नाही, मोहऱ्यांना हलायला जागा आहे. पण तुमची पाळी आहे, ‘पास’ म्हणायची सोय नाही, आणि जी कराल ती चाल तुमची स्थिती बिघडवणार आहे. काहीच न करता आलं असतं तर वाचला असता.

हे बोलून पूर्ण कळत नाही, पट लागतो. फोनवर कुठलंही विश्लेषणाचं ॲप उघडा आणि ही ओळ त्यात टाका.

```
3k4/8/3KP3/8/8/8/8/8 b - - 0 1
```

पटावर तीनच मोहरे येतील. काळा राजा d8 वर, म्हणजे त्याच्या शेवटच्या ओळीत. पांढरा राजा d6 वर आणि त्याच्या शेजारी e6 वर पांढरं प्यादं. प्याद्याला अजून दोन घरं जायचं आहे. पोहोचलं तर ते वजीर होईल आणि डाव संपेल. काळ्या राजाला फक्त त्याची वाट अडवायची आहे. ओळीतलं ते एकटं b सांगतं की पाळी काळ्याची आहे.

काळा राजा खाली उतरू शकत नाही, कारण पांढऱ्या राजाला लागून असलेल्या घरात त्याला पाय ठेवता येत नाही. उरतात c8 आणि e8. तो c8 ला गेला तर वाटेतून बाजूला झाला, प्यादं सरळ पुढे जाईल. म्हणून तो e8 ला येतो, प्याद्याच्या वाटेत. आता पांढरा प्यादं e7 ला नेतो. शह लागत नाही, काही नाही. सगळं शांत. पण काळ्या राजाच्या दोन्ही बाजूंची घरं, d8 आणि f8, आता प्याद्याच्या माऱ्यात आहेत. d7 पांढऱ्या राजाला लागून आहे. प्याद्याला मारावं तर त्याच्यावर पांढऱ्या राजाची नजर आहे. एकच घर मोकळं आहे, f7. काळा राजा तिथे जायला तयार नाही, पण पाळी त्याचीच आहे. तो f7 ला जातो, पांढरा राजा d7 ला येऊन वाट धरतो, आणि पुढच्या खेळीला प्यादं वजीर होतं. काळ्याला e8 वर नुसतं उभं राहता आलं असतं तर प्यादं जन्मभर e7 वरच राहिलं असतं.

आता त्या ओळीतल्या b चा w करा. मोहरे तेच, घरं तीच, फक्त पाळी पांढऱ्याची. पांढरा प्यादं e7 ला नेतो. या वेळी काळा राजा d8 वर आहे, त्यामुळे त्याला शह लागतो. जोरदार वाटतं ना? राजा e8 ला येतो, प्याद्याच्या नाकासमोर. आता प्यादं वाचवायचं तर पांढऱ्या राजाला e6 वर यावंच लागतं. तो आला की काळ्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही. स्टेलमेट, म्हणजे बरोबरी. राजा दुसरीकडे गेला तर प्यादं जातं, तीही बरोबरीच. e7 ची घाई न करता पांढऱ्याने आधी राजा हलवून पाहिला, तरी काळा नीट खेळला तर बरोबरीच होते.

जुने खेळाडू हे एका नियमात सांगतात: अशा शेवटात प्यादं सातव्या ओळीत शह देत गेलं तर बरोबरी, गुपचूप गेलं तर जिंकलं. मला या नियमात दोन भाषांचा सामना दिसतो. शह देऊन ‘राजा, सांभाळ’ म्हटलं की राजा खरंच सांभाळून घेतो. काही न बोलता पाळी त्याच्या गळ्यात टाकली की तो सापडतो.

याच पटावर तीन अवस्था शेजारी शेजारी ठेवता येतात. हल्ला आहे आणि वाट नाही, ती मात. हल्ला नाही आणि वाटही नाही, ते स्टेलमेट. हल्ला नाही, वाट आहे, पण ती खड्ड्यात जाते, ती झुगझ्वांग. ‘राजा मेला’ हा अर्थ धरून बसलं तर मधली अवस्था कळतच नाही, कारण मरण अर्धवट नसतं. ‘निरुपाय’ धरला की लगेच प्रश्न पडतो: हल्ला नसताना निरुपाय झालेला राजा हरला की नाही? या प्रश्नावर माणसं हजार वर्षं भांडली आहेत. जुन्या अरबी-फारसी खेळात समोरच्याला असं कोंडणारा जिंकायचा. 17व्या-18व्या शतकात इंग्लंडमध्ये तर उलटी रीत होती, कोंडणारा हरायचा. बरोबरीचा नियम पक्का झाला तो 19व्या शतकात. त्या मानाने माता कुणाची, याबद्दल कधी वाद नव्हता.

झुगझ्वांगचं मात्र उलटं आहे. गोष्ट जुनी, नाव नवं. अरबी खेळाच्या 9व्या शतकातल्या कूटप्रश्नांमध्ये ही अवस्था सापडते, म्हणजे तिथल्या उस्तादांना ती पक्की माहीत होती. शब्द मात्र जर्मन लिखाणात 19व्या शतकाच्या मध्यावर दिसू लागतो, आणि इंग्रजीत तो प्रथम वापरला विश्वविजेत्या इमॅन्युएल लास्करने, 1905 साली. जवळजवळ हजार वर्षं लोक या सापळ्यात माणसं अडकवत होते आणि त्याला नाव नव्हतं. मला वाटतं, राजाच्या अवस्थेवरून नावं ठेवायची सवय असेल तर या सापळ्याला नाव सुचणं अवघड आहे. कारण राजाला काहीच झालेलं नसतं. जे झालेलं असतं ते पाळीला.

सगळे जर्मन शब्द असेच असतात असं नाही. ‘लुफ्ट’ घ्या. किल्लेकोट केल्यावर राजासमोरचं एखादं प्यादं एक घर पुढे सरकवतात, शेवटच्या ओळीत कोंडमारा होऊ नये म्हणून. त्या मोकळ्या घराला लुफ्ट म्हणतात, म्हणजे हवा. राजाला श्वास घ्यायला हवा. हा शब्द थेट फिर्दौसीच्या हत्तीवर नेऊन बसवता येईल. माझी मांडणी थोडी मोडतो, पण शब्द छान आहे.

मराठीत झुगझ्वांगला काय म्हणावं? बातम्यांत आणि समालोचनात बहुतेक वेळा ‘कोंडी’ किंवा ‘इकडे आड तिकडे विहीर’ येतं. दोन्ही कमी पडतात. आड आणि विहिरीच्या मधे माणूस निवांत उभा राहू शकतो. ती म्हण पर्याय वाईट असल्याचं सांगते, पण उभं राहायला बंदी असल्याचं सांगत नाही. ‘धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं’ थोडं जवळ जातं, तरी त्यातही पाळी नाही. ‘कोंडी’त तर हलताच येत नाही, म्हणजे ते स्टेलमेटचं चित्र झालं. झुगझ्वांगमध्ये जागा मोकळी असते, हीच तर अडचण. मी स्वतः ‘चालसक्ती’ वापरून पाहतो. ऐकायला सरकारी परिपत्रकासारखा आहे, मान्य. पण दोन्ही तुकडे जागच्या जागी बसतात, आणि ‘सक्ती’ हा शब्दही मुळात फारसीच, त्यामुळे प्याद्या-वजिरांच्या घरात तो परका वाटत नाही.

शब्द सैल झाले की काय होतं ते आपल्या ‘शह-काटशह’वरून दिसतं. काटशह म्हणजे खरं तर आपल्यावरचा शह निवारताना त्याच खेळीत समोरच्याला दिलेला शह. दुर्मीळ आणि देखणी गोष्ट. राजकीय बातम्यांत मात्र एकाने सभा घेतली आणि दुसऱ्यानेही घेतली की झालं काटशहाचं राजकारण. जर्मनांनीही झुगझ्वांगचं तेच केलं आहे. त्यांच्या वर्तमानपत्रांत सरकार ‘झुगझ्वांगखाली’ येतं, म्हणजे फक्त एवढंच की आता काहीतरी पाऊल उचलावं लागेल. पाऊल चांगलं असू शकतं. सक्ती राहिली, विष गेलं. गंमत म्हणजे शब्दाचा कडक अर्थ परदेशी बुद्धिबळपटूंनी जपला, कारण त्यांना तो भाजीबाजारात वापरायचा नव्हता.

बुद्धिबळातही तो सैल होतोच. 1923 साली कोपनहेगनला झेमिश आणि निम्झोविच यांच्यात झालेला डाव ‘अमर झुगझ्वांग’ म्हणून ओळखला जातो. झुगझ्वांग सहसा आपल्या उदाहरणासारखी रिकाम्या पटावर घडते. इथे मात्र 25व्या खेळीला, पांढऱ्याकडे वजीर आणि दोन्ही हत्तींसह बारा मोहरे शिल्लक असताना, आणि तो एक घोडा वर असताना, निम्झोविचने कडेचं प्यादं एक घर सरकवलं, h6. झेमिशने राजीनामा दिला. त्याने g4 केलं असतं तर काळ्या हत्तीने f3 वर जाऊन आमिष दाखवलं असतं, पांढऱ्या उंटाने ते खाल्लं असतं आणि दुसऱ्या हत्तीने h2 वर मात केली असती. डाव अप्रतिम आहे. पण काही जाणकार याला शुद्ध झुगझ्वांग मानत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की इथे काळ्याच्या खऱ्या धमक्याही होत्या, पांढऱ्याला पाळी सोडायची मुभा असती तरी तो वाचला नसता. मला हा आक्षेप योग्य वाटतो. ‘पास म्हणता आलं असतं तर?’ ही या शब्दाची एकमेव कसोटी आहे. ती लावायची नसेल तर ‘गुदमरवणं’ म्हणा की.

हीच कसोटी रोज कोट्यवधी वेळा लावली जाते ती बुद्धिबळाच्या इंजिनांत, आणि मी या शब्दांत अडकलो तो तिथूनच. इंजिनाला शोध घेताना सगळ्या चाली खोलवर पाहायला वेळ नसतो. म्हणून ते एक लबाडी करतं: समज, मी माझी पाळी सोडून दिली आणि समोरच्याला सलग दोन चाली दिल्या. तरीही माझी स्थिती भक्कमच राहत असेल तर ही फांदी आणखी तपासण्यात अर्थ नाही, छाटून टाक. याला नल मूव्ह म्हणतात, शून्य चाल. यामुळे प्रचंड वेळ वाचतो. यामागचं गृहीतक असं की काहीही न करण्यापेक्षा काहीतरी करणं नेहमी बरंच असतं. झुगझ्वांग म्हणजे नेमकी ती जागा जिथे हे गृहीतक खोटं ठरतं. तिथे इंजिन मनात पाळी सोडतं, सगळं ठीक आहे असं ठरवतं, आणि समोरचा खड्डा त्याला दिसत नाही. म्हणून इंजिन लिहिणारे आधी एक अट घालतात. तिचा गाभा असा:

```
if (!inCheck && hasPieces(side))
    tryNullMove();
```

पहिली अट: राजाला शह नसेल तरच पाळी सोडून बघ. शह असताना पाळी सोडली तर पुढच्या खेळीला राजाच मारला जाईल. दुसरी अट: प्याद्यांशिवाय आणखी मोहरे असतील तरच, कारण नुसता राजा आणि प्यादी उरली की चालसक्तीची शक्यता फार वाढते. दीड हजार वर्षांच्या शब्दांचा प्रवास `&&` च्या दोन बाजूंना येऊन बसला आहे. डावीकडे फारसी, उजवीकडे जर्मन.

दोन्ही बाजू सारख्या नाहीत, हे मात्र लक्षात घ्यायला हवं. डावीकडची अट हे तथ्य आहे. शह आहे की नाही हे पट पाहून क्षणात कळतं. उजवीकडची फक्त अंदाज आहे. बुद्धिबळाच्या पायथन लायब्ररीत `is_check()` आहे, `is_checkmate()` आहे, `is_stalemate()` आहे. `is_zugzwang()` नाही. जागतिक संघटनेच्या नियमपुस्तकातही शह, मात, स्टेलमेट यांच्या व्याख्या आहेत, झुगझ्वांगची नाही. नियमाला तिची गरजच नाही. ती ओळखायची तर पुढच्या सगळ्या चाली मोजाव्या लागतात आणि मग न केलेल्या एका चालीशी, म्हणजे स्वस्थ बसण्याशी, त्यांची तुलना करावी लागते. जी चाल नियमात नाही तिच्याशी.

दुसऱ्या अटीलाही पळवाटा आहेत. हत्ती, उंट शिल्लक असतानाही कधी कधी चालसक्ती होते, आणि मग इंजिन काही क्षण ठार आंधळं असतं. स्थिती बरी आहे असा आकडा दाखवत राहतं, खोली वाढते, आणि अचानक आकडा कोसळतो. फोनवर विश्लेषण चालू असताना हे तुम्ही कधीतरी पाहिलं असेल. पटावर तेव्हा एकही मोहरा हललेला नसतो.